फिकट दुसरी रेष: घरी प्रेग्नन्सी टेस्ट केव्हा करावी, कशी वाचावी आणि रेष नाहीशी झाली तर काय समजावे

फार्मसीत किट मागितले की मिळते, घरी आणून पाच मिनिटांत निकाल दिसतो, त्यामुळे या टेस्टमध्ये शिकण्यासारखे काही नाही असे वाटते. दुसरी रेष ठळक आली किंवा अजिबात आली नाही तर खरेच फारसे काही नसते. गोंधळ होतो तो दोन्हींच्या मधल्या रेषेने. खिडकीपाशी नेऊन तिरपे धरल्यावर दिसते, आतल्या खोलीत आणली की दिसत नाही, अशी ती रेष. त्यात दोन-तीन दिवसांनी पाळी आली तर प्रश्न दुप्पट होतात. हा लेख त्या फिकट रेषेबद्दलच आहे.

१. आधी तारखांचा हिशेब करा

किट लघवीतला एचसीजी नावाचा हार्मोन शोधते. बीज फळले की लगेच हा हार्मोन लघवीत येत नाही. फळलेले बीज नलिकेतून खाली सरकत गर्भाशयात येते, अस्तरात रुजते, आणि रुजल्यानंतरच एचसीजी आईच्या रक्तात उतरू लागतो. बीजांड बाहेर पडल्यापासून रुजेपर्यंत साधारण ६ ते १२ दिवस जातात, बहुतेकींच्या बाबतीत ८ ते १०. रुजण्याआधी केलेली टेस्ट निगेटिव्हच येणार, किट कितीही महागाचे असो.

रुजल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी साधारण दुप्पट होतो, अगदी पहिल्या काही दिवसांत त्याहूनही थोडा वेगाने. बाजारातली बरीचशी किटे लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये २५ युनिटच्या आसपास एचसीजी असला तर रेष दाखवतात. पाकिटावर किंवा आतल्या कागदावर हा आकडा mIU/ml या मापात छापलेला असतो. आकडा जितका लहान तितके किट लवकर ओळखणारे.

आता एक उदाहरण घेऊ, ते शेवटपर्यंत सोबत ठेवू. फोंड्याच्या एका बाईची शेवटची पाळी ३ ऑगस्टला सुरू झाली. तिचे चक्र २८ दिवसांचे, म्हणजे पुढची पाळी ३१ ऑगस्टला अपेक्षित. बीजांड १६ ऑगस्टच्या सुमारास बाहेर पडले आणि गर्भ २५ ऑगस्टला रुजला असे धरू. मग लघवीतले आकडे साधारण असे चढतील: २५ ला २, २७ ला ६, २९ ला १४, ३१ ला ३०. तिने उतावीळ होऊन २८ तारखेला टेस्ट केली तर निगेटिव्ह, आणि ३१ च्या सकाळी केली तर फिकट रेष. गर्भ दोन्ही दिवशी होताच, फक्त २८ ला किटाच्या नजरेत येण्याइतका एचसीजी नव्हता.

हेच बीजांड पाच दिवस उशिरा, २१ तारखेला सुटले असते तर? चक्र नियमित असलेल्या बायकांनाही एखाद्या महिन्यात असे होते. मग रुजण्याचा दिवस ३० च्या आसपास जातो. ३१ ला पाळी चुकलेली आणि टेस्ट निगेटिव्ह, आणि तरीही आठवड्याभराने ठळक पॉझिटिव्ह, असे सहज घडू शकते.

म्हणून नियम असा: चक्र नियमित असेल तर पाळी चुकल्याच्या दिवशी पहिली टेस्ट. निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही तर दोन-तीन दिवसांनी दुसरी, आणि आठवड्याने तिसरी. चक्र कधी २८, कधी ३५ असे असेल तर गेल्या सहा महिन्यांतले सर्वांत लांब चक्र धरून दिवस मोजा. तेही जमत नसेल तर शेवटच्या संबंधानंतर २१ दिवसांनी केलेल्या टेस्टवर बऱ्यापैकी विसंबता येते.

पाकिटावर लिहिलेले “९९ टक्के अचूक” हे या हिशेबातच वाचायचे. तो आकडा प्रयोगशाळेतल्या नमुन्यांवरचा आणि पाळी चुकल्याच्या दिवसापासून पुढचा असतो. चार दिवस आधी केलेल्या टेस्टला तो लागू नाही.

चवथीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर हा सगळा हिशेब बदलतो. गोळ्या चालू असेपर्यंत पाळी न येणे म्हणजे पाळी चुकणे नव्हे. गोळ्या थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत अंगावर जाते. आठवडा उलटूनही आले नाही तर टेस्ट करा. या गोळ्यांमुळे टेस्ट खोटी पॉझिटिव्ह किंवा खोटी निगेटिव्ह येत नाही, फक्त तारखा फसव्या होतात.

२. काय आणून ठेवायचे

- एकाच कंपनीची दोन किंवा तीन किटे. वेगवेगळ्या कंपन्यांची आणली तर आजची रेष परवाच्या रेषेशी ताडता येत नाही.
- स्वच्छ, कोरडा, शक्यतो वापरून टाकायचा लहान कप. स्वयंपाकघरातली वाटी नको. साबणाचा अंश राहिला तर निकालात घोळ होऊ शकतो.
- सेकंद दाखवणारे घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर.
- एक कागद: शेवटच्या पाळीची तारीख, टेस्टची तारीख आणि वेळ, किती मिनिटांनी काय दिसले.

मुदत संपल्याची तारीख विकत घेतानाच पाहा. आणि किट बाथरूममध्ये ठेवू नका. पावसाळ्यात आपल्याकडे मीठही डबीत पाणी सोडते, तिथे ओलावा सहन न होणारी कागदी पट्टी कशी टिकेल? पाकिटात ओल शोषणारी पुडी असते ती त्यासाठीच. पाकीट वापरायच्या क्षणीच फोडायचे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेले किटही वापरू नका.

३. टेस्ट करताना

सकाळची पहिली लघवी घ्या. रात्रभर साठल्यामुळे तिच्यात एचसीजी दाट असतो. पाळी चुकून आठवडा झाल्यावर कुठल्याही वेळची चालते, पण पहिल्या दिवसांत वेळेने फरक पडतो. दिवसा करायचीच झाली तर चार तास लघवी धरलेली असावी आणि त्या वेळात पाणी, शहाळे, सरबत भरपूर प्यालेले नसावे. पातळ लघवीत ३० चा आकडा सहज १२ वर येतो, आणि रेष गायब होते.

आपल्याकडे जास्त चालते ते प्लास्टिकच्या चपट्या डबीसारखे किट. ते सपाट जागी ठेवा. ड्रॉपरने गोल खाचेत थेंब टाका. बहुतेक किटांत तीन थेंब सांगितलेले असतात, तरी आतला कागद वाचा. थेंब एकामागून एक, सावकाश. “थोडे जास्त टाकले तर रेष नीट दिसेल” हा समज अगदी उलटा आहे. खाच तुंबली की गुलाबी रंग पूर्ण खिडकीभर पसरतो आणि रेष वाचता येत नाही. कमी थेंब पडले तर ‘सी’ पाशीची रेषही येत नाही. ‘सी’ ची रेष नसेल तर ‘टी’ पाशी काहीही दिसो, ते किट बाद.

टायमर लावा. पाच मिनिटांनी वाचा, दहा मिनिटांनंतर फेकून द्या. अर्ध्या तासाने कचऱ्याच्या टोपलीतून काढून पुन्हा पाहायचा मोह होतो. तो आवरा, कारण पुढच्या पायरीतले निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

४. फिकट रेष वाचणे

पट्टीवर ‘टी’ च्या जागी एचसीजीला पकडून ठेवणारा अदृश्य पट्टा आधीच लावलेला असतो. एचसीजी असला की रंगाचे कण त्या पट्ट्यावर अडकतात आणि रेष उमटते. कमी एचसीजी, कमी कण, फिकट रेष. म्हणून वेळेत आलेली, रंग असलेली फिकट रेष ही पॉझिटिव्हच असते. “थोडीशी प्रेग्नंट” असा प्रकार नाही.

खरी रेष ओळखायची ती अशी. ती पाचव्या मिनिटापर्यंत येते. तिला ‘सी’ च्या रेषेचाच रंग असतो, गुलाबी किंवा निळा, फक्त कमी. रुंदी ‘सी’ इतकीच असते, आणि ती खिडकीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण जाते.

फसवी रेष दोन प्रकारची. पहिली, वाळल्यावर उमटणारी. पट्टी सुकू लागली की त्या अदृश्य पट्ट्याच्या जागी राखाडी, रंगहीन, केसासारखी बारीक सावली दिसते. ती दहा मिनिटांनंतर येते. दुसरी, पट्टा लावताना पडलेली खूण. ती थेंब टाकण्याआधीही प्रकाशात खोलगट दिसू शकते, म्हणून पाकीट फोडल्यावर कोरडे किट एकदा नीट बघून घ्या. निळ्या रंगाच्या किटांत राखाडी आणि फिकट निळे यांतला फरक ओळखणे जास्त कठीण जाते. निवड असेल तर गुलाबी रेषेचे किट घ्या.

फोटो काढून, त्यातले रंग गडद करून, मैत्रिणींना पाठवून मत मागण्यात अर्थ नाही. फिल्टरमध्ये वाळलेली रेषही गुलाबी होते. शंका असेल तर उत्तर नव्या किटात आहे, ४८ तासांनी, पुन्हा सकाळच्या पहिल्या लघवीत. दुसऱ्याच दिवशी करून फारसे कळत नाही, कारण एका रात्रीतला फरक डोळ्याला दिसेलच असे नाही.

रेष परवापेक्षा गडद झाली तर दिशा बरोबर आहे असे म्हणता येते. मात्र गडदपणावरून आकडा काढता येत नाही. लघवी किती दाट होती, थेंब किती पडले, पट्टीवर पट्टा कसा बसला होता, यानेही छटा बदलते. रोज एक किट करून सात पट्ट्या ओळीने लावून ठेवणाऱ्यांना हीच छटा विनाकारण रडवते.

खोटी पॉझिटिव्ह क्वचित येते, आणि आली तर बहुधा कारण ठाऊक असते. वंध्यत्वाच्या उपचारात बीजांड सोडवण्यासाठी दिलेले इंजेक्शन हे बऱ्याचदा एचसीजीच असते. ते शरीरातून जायला १० ते १४ दिवस लागू शकतात, तोवरची रेष इंजेक्शनची. नुकताच गर्भपात किंवा बाळंतपण झाले असेल तर जुना एचसीजी काही आठवडे राहतो. अँटिबायोटिक, गर्भनिरोधक गोळ्या, प्रोजेस्टेरॉन यांनी रेष येत नाही.

टूथपेस्ट, साखर, मीठ यांच्या घरगुती टेस्ट करू नका. फेस कुणाच्याही लघवीने येतो.

५. रेष आली आणि मग पाळीसारखे अंगावर गेले

फोंड्याच्या बाईकडे परत जाऊ. ३१ ऑगस्टला चौथ्या मिनिटाला फिकट गुलाबी रेष. २ सप्टेंबरला पुन्हा केली, रेष गडद झाली नाही. ३ सप्टेंबरला अंगावर जाऊ लागले, नेहमीपेक्षा थोडे जास्त, पोटात कळा. आता हे काय?

इथे तीन शक्यता आहेत, आणि लघवीच्या किटाने त्या वेगळ्या करता येत नाहीत. गर्भ व्यवस्थित असून थोडे रक्त गेलेले असू शकते. केमिकल प्रेग्नन्सी, म्हणजे गर्भ रुजून लगेच थांबलेला, असू शकते. किंवा गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा नलिकेत, रुजलेला असू शकतो. वेगळे करायला रक्तातला बीटा एचसीजी लागतो, आणि तोही दोनदा, ४८ तासांच्या अंतराने, एकाच लॅबमध्ये. एका आकड्याने जवळपास काहीच ठरत नाही.

समजा ३ सप्टेंबरला तिचा आकडा ३८ आला. रक्तात ५ पेक्षा कमी म्हणजे निगेटिव्ह, त्यामुळे ३८ हा पॉझिटिव्हच. ५ तारखेला काय येते त्यावर सगळे आहे.

आकडा १४ आला, तर तो निम्म्याहून खाली उतरला. गर्भ रुजला होता, पण थांबला. ही केमिकल प्रेग्नन्सी. आठवड्याने पुन्हा तपासून आकडा ५ च्या खाली गेल्याची खात्री करायची, की प्रकरण मिटले.

आकडा ९० आला, तर तो दुपटीहून जास्त वाढला. अशी वाढ चांगली, रक्त गेले असले तरी. डॉक्टर पुढे सोनोग्राफीची तारीख देतील.

आकडा ४६ आला, तर हे काळजीचे. सुरुवातीला एचसीजी कमी असताना सुरळीत गर्भारपणात ४८ तासांत निदान ४९ टक्के वाढ अपेक्षित असते, म्हणजे ३८ वरून ५७ च्या आसपास. त्याहून सावकाश चढणारा किंवा जागीच रेंगाळणारा आकडा गर्भाशयाबाहेरच्या गर्भाची शंका निर्माण करतो. डॉक्टर सांगतील तोवर तपासण्या चालू ठेवायच्या.

पहिल्याच दिवशी सोनोग्राफीचा आग्रह धरून उपयोग होत नाही. गर्भाची पिशवी योनीमार्गाच्या सोनोग्राफीत साधारण पाचव्या आठवड्यानंतर, एचसीजी दीड हजार ते साडेतीन हजारांच्या दरम्यान पोहोचल्यावर दिसते. ३८ वर रिकामेच दिसणार, आणि “काहीच नाही” हे ऐकून उगाच धक्का बसणार. पोटात जोरात दुखत असेल तर मात्र आकडा कितीही असो, सोनोग्राफी करतात.

चवथीच्या दिवसांत बऱ्याच खासगी लॅब दोन-तीन दिवस बंद असतात. पहिले रक्त देतानाच विचारा की ४८ तासांनी लॅब उघडी आहे का. नसेल तर मोठ्या इस्पितळातच दोन्ही वेळा द्या.

६. केमिकल प्रेग्नन्सी म्हणजे नेमके काय

नाव दिशाभूल करणारे आहे. यात कुठले केमिकल नसते, आणि गर्भ “खोटा”ही नव्हता. पुरावा फक्त रक्ता-लघवीच्या रासायनिक तपासणीत मिळाला, सोनोग्राफीत दिसण्याआधीच गर्भ थांबला, इतकाच नावाचा अर्थ. गर्भपाताचाच हा सर्वांत लवकरचा प्रकार, आणि तो बराच सामान्य आहे. किटे नव्हती तेव्हा अशी पाळी “या वेळी चार दिवस उशिरा आली” म्हणून विसरली जायची. पाळीआधीच टेस्ट करणाऱ्यांना ती जास्त दिसते, त्याचे कारण हेच. असे कळणे नको असेल तर पाळी चुकेपर्यंत थांबणे हा साधा उपाय आहे.

कारण बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतली गडबड असते, जी बीज फळतानाच ठरलेली असते. पपई, अननस, खड्ड्यांतून चालवलेली स्कूटर, उचललेली घागर, यांपैकी कशानेही ती होत नाही. घरात कुणी यादी काढून विचारू लागले तर ही गुणसूत्रांची गोष्ट एकदा स्पष्ट सांगून टाका.

रक्तस्राव साधारण नेहमीच्या पाळीसारखा किंवा थोडा जास्त असतो, काही गाठी पडू शकतात. क्युरेटिंग लागत नाही. लघवीची टेस्ट एक-दोन आठवड्यांत निगेटिव्ह होते. दोन आठवड्यांनीही रेष येत असेल तर डॉक्टरांकडे जा. ती रेष “उरलेली” आहे असे स्वतःच ठरवू नका. पुढची पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते. पुन्हा प्रयत्न करायला शरीराच्या दृष्टीने अडचण नसते. काही डॉक्टर एक पाळी येऊ द्या म्हणतात, ते मुख्यतः दिवस मोजणे सोपे जावे म्हणून. फॉलिक अॅसिड चालू असेल तर तसेच चालू ठेवा. असे दोन-तीनदा झाले तर मात्र थायरॉइड, रक्त गोठण्याशी संबंधित दोष वगैरे तपासण्यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

७. सापळे, जिथे खरा धोका आहे

रेष फिकट आहे आणि रक्तही जाते आहे म्हणून “केमिकलच असणार” असे घरी ठरवणे, हा सर्वांत मोठा. नलिकेतल्या गर्भातही रेष फिकट राहू शकते आणि रक्त जाऊ शकते. एका बाजूला ओटीपोटात वाढत जाणारे दुखणे, खांद्याच्या टोकाला दुखणे, घेरी, डोळ्यांपुढे अंधारी, तासाला पॅड भिजेल इतका रक्तस्राव, यांपैकी काहीही झाले तर ४८ तासांचा हिशेब विसरा आणि लगेच निघा. बांबोळीचे गोमेकॉ, म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ किंवा मडगावचे दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ, जे जवळ असेल ते. सत्तरी, काणकोण, पेडण्याच्या आतल्या गावांतून स्वतः गाडी चालवत येऊ नका, १०८ ला फोन करा. घेरी आलेल्या बाईने घाटातून स्कूटर चालवणे हा वेडेपणा आहे.

दुसरा सापळा गर्भपाताच्या गोळ्यांचा. फिकट रेष पाहून घाबरून या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळवून घेणाऱ्या असतात. गर्भ नलिकेत असेल तर या गोळ्यांनी तो जात नाही, पण रक्त जाते, आणि आतला धोका त्या रक्तामागे लपतो. “पाळी आणायच्या” गोळ्याही टेस्टचा निकाल पक्का होईपर्यंत स्वतःहून घेऊ नका.

तिसरा, रक्तगट. तुमचा गट निगेटिव्ह असेल तर गर्भारपणात रक्त गेल्याचे सांगतानाच हेही डॉक्टरांना सांगा. अँटी-डी इंजेक्शन लागते का हे ते ठरवतील. लागलेच तर ते ७२ तासांच्या आत द्यायचे असते, म्हणून पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

८. इस्पितळात जाताना सोबत

- पायरी २ मधला तारखांचा कागद. पहिला प्रश्न शेवटच्या पाळीचाच असतो, आणि घाबरलेल्या अवस्थेत तारीख आठवत नाही.
- आधीचे बीटा एचसीजीचे रिपोर्ट, तारीख आणि वेळेसह. आकडा तोंडी सांगून चालत नाही.
- रक्तगटाचा कागद, चालू गोळ्यांची पाकिटे, वंध्यत्वाचे उपचार चालू असतील तर शेवटच्या इंजेक्शनची तारीख.
- आधार कार्ड, आणि असेल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड.

वाळलेले किट पिशवीत घालून नेऊ नका. त्याची रेष आता कुणीच वाचू शकत नाही, आणि इस्पितळात ताजी टेस्ट करतातच.